बिलं जाऊ दे, असं मी म्हणाले होते

माझ्या नावामागे सीए लागून चोवीस वर्षं झाली. मुलुंडला माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, बाहेर पितळी पाटी आहे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं वाक्य एकच ऐकवते : "बिलं आणली का?" हे वाक्य मी अशा आवाजात म्हणते की काही लोकांनी आणलेली बिलंसुद्धा द्यायची विसरतात. नात्यात तर माझा एवढा दरारा की लग्नकार्यात माझ्या शेजारची खुर्ची हमखास रिकामी राहते. लोकांना वाटतं, ही आहेर कितीचा दिला ते विचारेल.

तरीही माझ्याच मावसभावाला मी सांगितलं होतं की बिलं जाऊ दे.

झालं असं. हा मावसभाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. एका कंपनीत डिस्पॅच सांभाळायचा. कंपनीने भिवंडीला मुक्काम हलवला आणि याने जायला नकार दिला. घर घाटकोपरला, मुलगी दहावीला. मे महिन्याच्या शेवटी नोकरी सुटली. पण तो रडत बसणारा नव्हे. नोकरी सुटायच्या आधीच, मे महिन्यात, भाचीच्या साखरपुड्यात मुलुंडच्या एका हॉलमध्ये त्याने मला गाठलं. माझ्या एका हातात ताट होतं, दुसऱ्या हाताने मी पुरी मोडायच्या खटपटीत होते, आणि मठ्ठा कुठे ठेवावा हा त्या क्षणी माझ्यापुढचा सर्वांत मोठा प्रश्न होता.

"ताई, दुकान टाकतोय," तो म्हणाला. "छोटंसंच. स्टेशनपासून पाच मिनिटांवर गाळा मिळालाय भाड्याने. ते इन्कम टॅक्सचं काय करायचं? बिलंबिलं ठेवू का सगळी?"

"छोटं दुकान ना?" मी विचारलं.

"अगदी छोटं. नव्वद फुटांचं."

"मग काही कटकट नाही. छोट्या दुकानदारांसाठी सरकारने सोपी सोय केलीय. वर्षभराच्या विक्रीचा ठरावीक टक्का नफा धरायचा आणि त्यावर कर भरायचा. खर्च दाखवायचेच नाहीत, मग बिलं कशाला? बिलं जाऊ दे. तू धंद्याकडे लक्ष दे."

"झकास!" तो म्हणाला आणि माझा मठ्ठा त्याने स्वतःच्या हातात धरला. मला बरं वाटलं. एका पुरीच्या अवधीत मी एका माणसाची चिंता मिटवली होती. आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं असं मला वाटलं. त्या श्रीखंडाच्या रांगेकडे पाहत होत्या हे नंतर लक्षात आलं.

एक प्रश्न मी विचारला नाही. दुकान कशाचं?

जूनमध्ये दुकान सुरू झालं. मी उद्घाटनाला गेले नाही, कारण ऑफिसात काम होतं. पेढे घरी आले. जुलै ते ऑक्टोबर आमच्या व्यवसायात कोणी कोणाचं नातेवाईक नसतं. फेब्रुवारीत जरा मोकळी झाले तेव्हा त्याला फोन करून म्हटलं, पोर्टलवरून तुझं टॅक्सचं वार्षिक पत्रक काढून पाठव, वर्ष संपायच्या आत बघून ठेवते. त्याने दहा मिनिटांत पाठवलं. पोरगा शिस्तीचा.

पत्रक उघडलं. वरती एप्रिल-मेचा पगार. त्याखाली जूनपासून दर महिन्याला एका कुरियर कंपनीकडून आलेले पैसे आणि प्रत्येक रकमेतून कापलेला टीडीएस. कशाबद्दल कापला त्या रकान्यात शब्द होता : कमिशन.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कमिशनच होतं.

फोन लावला. "अरे, तू विकतोस काय?"

"विकत काही नाही गं. कुरियरचं बुकिंग सेंटर आहे ना. लोक पार्सल आणतात, आपण वजन करायचं, पॅक करायचं, कंपनीला द्यायचं. कंपनी आपल्याला कमिशन देते. तुला माहिती नव्हतं? पाटीचा फोटो टाकला होता मी फॅमिली ग्रुपवर."

त्या फोटोला मी अंगठा दाखवला होता. पाटी वाचली नव्हती.

आता जी सोपी सोय मी पुरीबरोबर वाटली होती, ती कमिशनच्या धंद्याला लागूच नाही. दलाली, कमिशन, एजन्सी, यांना ती वाट बंद आहे. हे आमच्या परीक्षेच्या पुस्तकात पहिल्या परिच्छेदात असतं. म्हणजे माझ्या भावाला सरळ मार्गाने जायला हवं होतं : आलेलं कमिशन, वजा धंद्यासाठी केलेला खर्च, उरेल त्यावर कर. आणि खर्च वजा करायचा तर तो झाला हे दाखवता आलं पाहिजे. बिलांनी.

"बिलं आहेत का रे?" मी विचारलं. माझा तो प्रसिद्ध आवाज त्या दिवशी निघाला नाही.

"कसली? तूच म्हणालीस ना, जाऊ दे. सुरुवातीची होती एका पिशवीत. गणपतीच्या आधी साफसफाईत बायकोने विचारलं, ही ठेवायची का? म्हटलं, ताईने सांगितलंय नको. टाकली."

"बरं," मी म्हणाले. "मी तुला कळवते."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पितळी पाटीच्या मागच्या बाजूकडे बघत बसले. आतून ती उलटी दिसत नाही, नुसतं लाकूड दिसतं.

फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून मी पत्र लिहायचं ठरवलं. कारण मी स्वतःला असं दिलं की गंभीर विषय लेखी असावा. खरं कारण हे की पत्राला समोरून "म्हणजे?" असं विचारता येत नाही. चार पानी पत्र झालं, लेटरहेडवर. सुरुवात अशी होती : "धंद्यातील नफ्याची आकारणी हा विषय वरकरणी सोपा भासला तरी त्याला अनेक कंगोरे आहेत." पहिल्या पानावर कंगोरे होते. दुसऱ्या पानावर कायद्याची कलमं होती. तिसऱ्यावर "पूर्वी झालेल्या अनौपचारिक चर्चेत ज्या सर्वसाधारण तरतुदीचा उल्लेख झाला होता" असा कर्त्याशिवायचा एक सुंदर वाक्यप्रयोग होता. उल्लेख झाला होता. कोणी केला ते व्याकरणाने पोटात घातलं होतं. चौथ्या पानावर आशीर्वाद. पत्र स्कॅन करून पाठवलं आणि फार मोठं काम उरकल्यासारखा चहा मागवला.

संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला. ती एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. कागद वाचून त्यातलं खरं काय ते काढायची तिला रोजची सवय.

"ताई, पत्र वाचलं. दोघांनी दोनदा वाचलं. एक विचारू?"

"विचार ना."

"चूक कोणाची झालीय?"

मी समोरचं पत्र उलटं करून ठेवलं.

"म्हणजे हे म्हणतायत, आपलीच काहीतरी झाली असणार, ताईने एवढं लिहिलंय म्हणजे. मला तिसऱ्या पानावरून वाटलं तुमची असावी. म्हणून विचारलं."

"माझी," मी म्हणाले. "पूर्ण माझी. तो काय धंदा करणार हे न विचारता मी सल्ला दिला."

"हां. मग तसं लिहा ना. हे दुपारी जेवलेच नाहीत."

त्या दिवशी मी दुसरं पत्र लिहिलं. हाताने, साध्या कागदावर. त्याचा फोटो माझ्याकडे अजून आहे, म्हणून इथे जवळजवळ तसंच देते.

"प्रिय भावा,

आधीचं पत्र फाडून टाक. एवढा एकच कागद मी तुला फाडायला सांगते आहे, यापुढे कुठलाही फाडू नकोस.

मे महिन्यात मी तुला चुकीचं सांगितलं. टक्केवारीची सोय माल विकणाऱ्या किंवा दुरुस्तीबिरुस्ती करणाऱ्या छोट्या माणसांना आहे. तू कमिशनवर काम करतोस, तुला ती नाही. मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तू जेव.

आता समज, कंपनीने तुला शंभर रुपये कमिशन दिलं. त्यातले साठ तू भाडं, वीज, खोकी, चिकटपट्टी, टेम्पो यांवर घालवलेस. तुझी कमाई चाळीस, आणि कर चाळीसवर. पण शंभर आले हे सरकारला आधीच माहीत आहे, कारण कंपनीने टीडीएस कापून कळवलंय. साठ गेले हे मात्र फक्त तुला माहीत आहे. ते पटवून देणं तुझं काम. साठातल्या वीस रुपयांचं बिल नसेल आणि कोणी विचारलं, तर ते वीस खर्चातून काढून टाकतील आणि कर साठवर लागेल. कमाई चाळीसच, कर साठवर. बिल ठेवायचं ते एवढ्यासाठी.

तू म्हणशील, मी तर सगळं मोबाइलवरून पैसे देतो, बँकेत नोंद आहे की. बँक सांगते पैसे कोणाला गेले. कशासाठी गेले ते बिल सांगतं. तू एका माणसाला दोन हजार पाठवलेस ते खोक्यांचे की उसने घेतलेले, हे बँकेला काय माहीत? दोन्ही एकत्र असली की बोलायला जागा उरत नाही.

बिलावर विकणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख, काय घेतलं, किती रुपये आणि तुझ्या दुकानाचं नाव हवं. गुळगुळीत कागदावरचं असेल तर त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढ, कारण ती अक्षरं काही महिन्यांत उडतात. रिक्षा, चहा, हमाल यांचं बिल कोणी देत नाही. तिथे स्वतः एक चिठ्ठी लिही : तारीख, रक्कम, कोणाला, कशासाठी, जमलं तर सही. छोट्या खर्चाला ते चालतं. चाळीस हजारांच्या रंगकामाला चालत नाही.

एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख देऊ नकोस. धंद्याच्या खर्चाचे तसे दिलेस तर बिल सोन्याच्या अक्षरांत असलं तरी तो खर्च धरत नाहीत.

घरचा खर्च यात घालू नकोस. वहिनीची साडी पार्सलमध्ये आली म्हणून ती कुरियरचा खर्च होत नाही.

आणि सगळं सात-आठ वर्षं जपून ठेव.

या शनिवारी मी घाटकोपरला येते. गेलेली बिलं जेवढी परत मिळवता येतील तेवढी मिळवू.

तुझी, ताई."

उत्तर आलं ते दोन शब्दांचं : "जेवलो. ये."

शनिवारी मी त्याचं दुकान पहिल्यांदा पाहिलं. खरंच नव्वद फूट. काउंटर, मागे फळ्या, एक वजनकाटा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि चार पार्सलं घेऊन उभ्या असलेल्या चार बायका. एक जण अमेरिकेतल्या नातवाला लाडू पाठवत होती आणि भाऊ तिला सांगत होता, "मावशी, डबा अजून एकात घाला, नाहीतर तिकडे पोहोचेपर्यंत रवा होईल." मला वाटलं, हा आपल्या कामात किती तयार आहे. आणि लगेच वाटलं, मी माझ्या कामात पुरी मोडत होते.

तिघांनी बसून यादी केली. त्याची बायको वही घेऊन बसली. भाडं : लिव्ह अँड लायसन्स करार आहे, दर महिन्याला बँकेतून जातं, सुटलो. वीज : बिल गाळामालकाच्या नावावर येतं, पण करारात लिहिलंय की भाडेकरू भरणार, आणि भरलेलं ऑनलाइन आहे. सगळी बिलं तिने तिथेच डाउनलोड केली. इंटरनेट : तेही मिळालं. कॉम्प्युटर आणि प्रिंटर : बिल ई-मेलवर आलं होतं आणि नको त्या पत्रांच्या ढिगात आठ महिने पडलं होतं. ते सापडलं तेव्हा मी टाळी वाजवली. दुकानातल्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं.

"म्हणजे हे बावन्न हजार टॅक्समधून कमी?" भाऊ खुशीत म्हणाला.

"टॅक्समधून नाही रे, कमाईतून. आणि तेही एकदम नाही. ही टिकणारी वस्तू आहे, म्हणून दर वर्षी थोडी थोडी झिजली असं धरतात. कॉम्प्युटरला वर्षाला चाळीस टक्के. म्हणजे या वर्षी वीस हजार आठशे कमाईतून कमी, आणि त्यावर जो कर लागला असता तेवढाच वाचणार. दोनेक हजार."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग मी जेवलो नव्हतो ते कशाला?"

त्याची बायको वहीत डोकं खुपसून हसली.

वजनकाट्याच्या दुकानदाराने आमच्यासमोरच कॉम्प्युटरवर जूनची तारीख काढून बिलाची दुसरी प्रत दिली, वर 'डुप्लिकेट' असा शिक्का मारून. "मॅडम, असं रोज कोणीतरी येतं मार्चमध्ये," तो म्हणाला. "तुम्ही फेब्रुवारीत आलात, हुशार आहात." मी मान डोलावली. मी कोण ते भावाने सांगितलं नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार.

तिथून रिक्षाने कांजूरमार्गला, सुताराकडे. काउंटर आणि फळ्या त्याने केल्या होत्या. चौसष्ट हजार. सुतार म्हातारा, प्रेमळ माणूस. बिल म्हणताच त्याने पेन्सिल कानावरून काढली आणि परत ठेवून चांगलं पेन शोधलं. लाकूड किती, सनमायका किती, मजुरी किती, असं एकेक ओळीत लिहिलं. अक्षर असं की फ्रेम करावी. खाली आजची तारीख, कामाची तारीख, सही.

"पैसे कसे दिले होते?" मी उगाच खात्रीसाठी विचारलं.

"रोख," भाऊ म्हणाला. "एकरकमी. काम झालं त्याच दिवशी. चाचांना मोबाइलवर नको होते."

सुताराने होकार भरला. "पाकीट दिलं होतं, मिठाईच्या डब्याबरोबर."

मी ते सुंदर बिल हातात धरून उभी राहिले. फर्निचरही असंच वर्षाला थोडं थोडं झिजतं असं धरतात, दहा टक्के. पण एका दिवसात एका माणसाला दहा हजारांच्या वर रोख दिले की त्या वस्तूची किंमतच धरत नाहीत. यंदाचे सहा हजार चारशे गेले, आणि पुढच्या सगळ्या वर्षांचेही गेले. हे मी भावाला रिक्षात बसल्यावर सांगितलं, सुतारासमोर नाही. त्याने एवढ्या मनापासून लिहिलं होतं.

"मग हे बिल टाकू?" भावाने विचारलं.

"टाकू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडले की रिक्षावाल्याने ब्रेक मारला.

ऑगस्टमध्ये गाळ्याचं छत गळलं होतं. गळती बंद करून रंग द्यायला अडतीस हजार गेले होते. दुरुस्ती भाडेकरूनेच करायची असं करारात होतं, म्हणजे खर्च नियमात बसत होता. पण रंगारी गावी गेला होता, फोन बंद, आणि पैसे रोख दिलेले. मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. "येईल होळीनंतर," एवढंच कळलं. कोणत्या होळीनंतर ते कोणी सांगेना. तोही खर्च गेला.

शेवटी उरलं पॅकिंगचं सामान : खोकी, बबल शीट, चिकटपट्टी. आठ महिन्यांत पंचेचाळीस हजारांचं, सगळं एकाच माणसाकडून, थोडं थोडं, रोख. त्याचं दुकान घाटकोपरच्याच एका गल्लीत. तो आम्हाला बघून हसला, आणि आम्ही कशाला आलो ते कळल्यावर आणखी हसला.

"माझ्याकडे पॅड नाही. मी चिठ्ठीवर देतो सगळ्यांना. पण थांबा." त्याने गल्ल्याखालून एक बिलबुक काढलं. वर भलत्याच दुकानाचं नाव, भलताच पत्ता. "हे कोरं आहे. आठ पानं फाडून घ्या, तुमच्या हाताने भरा. पाहिजे तेवढी रक्कम टाका. वर दोन टक्के द्या फक्त."

आता इथे मी ताठ मानेने काय म्हणाले ते लिहायला मला आवडलं असतं. पण डोक्यात आकडे फिरत होते. खर्च तर खरा आहे, माल खरा आहे, पैसे खरे गेलेत, खोटा आहे तो फक्त कागद. चूक माझी होती आणि ती आठ पानांत मिटत होती. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता, साखरपुड्यात बघत होता तसाच, ही म्हणेल ते खरं अशा नजरेने.

"ताई, हे चालतं?" त्याच्या बायकोने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "याला बोगस बिल म्हणतात. खर्च खरा असला तरी. पंचेचाळीस हजार सोडून देऊ, पण हे नको."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "शाळेत असं एकदा झालं होतं. ते सर अजून कोर्टात जातात."

दुकानदाराने बिलबुक परत आत सारलं. राग वगैरे नाही. "पुढच्या वेळी दुसरीकडून घ्या मग," तो म्हणाला. "पलीकडे एक आहे, पक्कं बिल देतो. चार पैसे महाग आहे." त्याच दुपारी आम्ही पलीकडून पक्क्या बिलावर खोकी घेतली. खरंच चार पैसे महाग होती.

वर्ष संपल्यावर मी त्याचं विवरणपत्र भरलं. जे सिद्ध करता येत होतं तेच घातलं. रंगकाम, पॅकिंग, सुताराच्या फर्निचरची झीज आणि टेम्पोचे काही पैसे असे मिळून एक लाख चार हजारांच्या आसपास सोडून द्यावे लागले. त्यावरचा कर दहा हजार आठशेच्या घरात. म्हणजे कापलेल्या टीडीएसमधून त्याला जो परतावा मिळायला हवा होता, तो तेवढ्याने कमी आला. मी त्यांच्या घरी गेले, चहा झाला, आणि मी घसा खाकरून म्हणाले, "हे दहा हजार आठशे माझ्यामुळे गेले. ते मी देणार."

मला अपेक्षा होती, दोघं म्हणतील, काहीतरीच काय ताई. मी दुसऱ्यांदा आग्रह करणार, ते पुन्हा नको म्हणणार, आणि सगळ्यांचे डोळे जरा ओले होणार. तशी तयारी करूनच मी गेले होते.

"नको गं," भाऊ म्हणाला.

"द्या," त्याची बायको म्हणाली.

भावाने तिच्याकडे पाहिलं.

"काय झालं? रोख दिले हे तुमचं, बिलं टाकली हे माझं, सल्ला यांचा. तीन भाग करा. ताई, तीन हजार सहाशे. बँकेतून द्या."

मी बसल्या जागी मोबाइलवरून पाठवले. कशासाठी असा रकाना समोर आला तेव्हा थोडा विचार करून मी लिहिलं : चुकीचा सल्ला. तिने फोन घेऊन वाचलं आणि म्हणाली, "आता बरोबर."

त्यानंतर भावाला बिलांचं वेड लागलं. सकाळी साडेसहाला माझा फोन वाजतो, उघडते तर चिकटपट्टीच्या बिलाचा फोटो. दुपारी हमालाची चिठ्ठी, सहीसकट. एकदा वडापावचा कागदच आला, तेलाने पारदर्शक झालेला, त्यावर त्याने पेनने तारीख घातलेली. खाली प्रश्न : "हे धरतात का?" मी विचारलं, कोणी खाल्ला? "मीच." मग नाही धरत, मी लिहिलं. पाच मिनिटांनी उत्तर : "आणि पार्सल घ्यायला कंपनीचा माणूस आला होता, त्याला दिला तो?" तो धरतात, मी म्हटलं. चिठ्ठी लिही.

पुढच्या वर्षीच्या विवरणपत्राबद्दल आयकर खात्याकडून त्याला खरंच एक विचारणा आली, पोर्टलवर. कमिशनाच्या मानाने खर्च जास्त दिसतोय, आधार सादर करा, अशी. त्याचा फोन आला तेव्हा मी हातातलं काम टाकून घाटकोपर गाठलं. तो मात्र शांत होता. बायकोने महिन्यांप्रमाणे फाइल लावली होती, फोटो वेगळे, मूळ कागद वेगळे, बँकेची पानं वेगळी. मी नुसतं बसून ते स्कॅन करून चढवलं. काही आठवड्यांनी कळलं की दाखवलेलं उत्पन्न जसंच्या तसं मान्य झालं. रुपयाचीही काटछाट नाही.

मी फोन करून सांगितलं तेव्हा दुकानात गर्दी होती. "बरं झालं," तो म्हणाला. "ताई, जरा थांब हं," आणि मग मला नव्हे, दुसऱ्याच कोणाला म्हणाला, "काका, आत काय आहे ते आधी सांगा. न विचारता मी काही घेत नाही."

मी फोन कानाला लावून थांबले. काका लोणचं म्हणाले.